दोन पेगांत एवढी नशा? पेयात काही मिसळल्याचा संशय आला तर त्या रात्री काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

माझ्या भाचीचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. आदल्या रात्री विजय नगरात एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर वाढदिवसाची पार्टी होती. दोन छोटे पेग जिन घेतले, आणि साडेदहानंतरचं काहीच आठवत नाही, असं ती सांगत होती. "मावशी, मी कधी अशी पडले नाही गं. सगळे म्हणतायत, उपाशीपोटी घेतलीस म्हणून." मी अनेक वर्षं सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात नर्स होते. मी तिला पहिला प्रश्न विचारला, "सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस?" ती म्हणाली, तीन वेळा. आंघोळ झाली होती आणि कपडे मशीनमध्ये होते.

त्या फ्लॅटवर सहा जण होते. सगळे शिकलेले, सगळ्यांना तिची काळजी. तरीही प्रत्येक गोष्ट उलट्या क्रमाने झाली. इंदूरमधल्या आपल्या घरांतून हीच चूक मी पुन्हा पुन्हा पाहते, म्हणून हा क्रम लिहून ठेवते आहे.

## ओळखता का येत नाही

मिसळलेल्या औषधाची लक्षणं आणि दारूची लक्षणं जवळपास एकच असतात. जीभ जड होते, तोल जातो, डोळे मिटतात, उलटी होते. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या मेंदूला दारूसारख्याच मंद करतात. दारूबरोबर गेल्या की दोन्हींचा परिणाम एकमेकांना वाढवतो. गोड मॉकटेलमध्ये किंवा मसालेदार पेयात त्यांची चव लागेलच असं नाही. पेयाचा रंग बदलतो, फेस येतो, हेही बहुतेक वेळा घडत नाही. त्यामुळे ग्लासात काही वेगळं दिसलं नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पेयात सर्वाधिक मिसळली जाते ती गोळी नव्हे, जादा दारूच. "छोटा पेग" म्हणून साठ-सत्तर मिली ओतायची, किंवा बिअरमध्ये व्होडका टाकायची. हेही तिला न सांगता केलेलंच असतं आणि तेवढंच घातक असतं. रक्तात दारू सापडली म्हणून "काही मिसळलं नव्हतं" असं म्हणता येत नाही.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे स्मृती. या गोळ्यांमुळे नवीन आठवण साठवणंच बंद पडतं. माणूस चालतो, बोलतो, फोटोत हसतोही, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. मग मित्र म्हणतात, "तू तर आमच्याशी बोलत होतीस की!" आणि ती स्वतःवरच संशय घेऊ लागते.

तपासा: "किती प्यायली?" एवढंच विचारू नका. किती, किती वेळात आणि नेहमीच्या तुलनेत कशी, या तिन्ही उत्तरांचा मेळ बसतो का ते पाहा. सगळी ओळख त्या मेळावरच उभी आहे.

## पायरी १: मेळ बसतो का, ते दोन मिनिटांत पाहा

भाचीचाच हिशोब करू. मोजून ओतलेल्या ३० मिलीच्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीर ताशी साधारण ७ ग्रॅम अल्कोहोल मोडतं. माणसागणिक यात थोडा फरक पडतो. तिचा पहिला पेग ९.१० ला, दुसरा ९.५५ ला आणि कोसळली १०.३५ ला. म्हणजे आत गेलं २० ग्रॅम आणि तोवर मोडलं गेलं साधारण १० ग्रॅम. तिचं वजन ५५ किलो. उरलेल्या १० ग्रॅममुळे तिच्या रक्तातलं प्रमाण गाडी चालवण्याच्या कायदेशीर मर्यादेच्या, म्हणजे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या आसपास येईल. एवढ्याने माणूस थोडं जास्त बडबडतो. पाय टाकता येत नाहीत, अशी अवस्था होत नाही. उपाशीपोटी दारू लवकर चढते हे खरं, पण दोन पेगांचे पाच पेग होत नाहीत.

इथे एक मेख आहे. हा हिशोब मोजून ओतलेल्या पेगाचा. घरच्या पार्टीत कोण मोजतं? म्हणून आधी विचारा, पेग कुणी भरले आणि कशाने. बाटली आणून किती रिकामी झाली ते बघा.

मेळ न बसण्याच्या खुणा अशा: चढण्याचा वेग अचानक असतो, बहुधा शेवटचा घोट घेतल्यावर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात. सगळ्यांनी तेवढंच घेतलेलं असतं आणि एकच जण कोसळतो. जिने फक्त ज्यूस किंवा कोल्ड्रिंक घेतलं तीसुद्धा डगमगते, आणि ही तर सर्वात ठळक खूण. ग्लास मध्येच कुठेतरी ठेवला गेला होता, किंवा कुणी भरून हातात दिला होता.

इतर कारणंही असतात आणि ती विचारायलाच हवीत. सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप, फिट्सचं किंवा झोपेचं औषध चालू आहे का? मधुमेह आहे का? साखर खाली गेलेला माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा दिसतो, आणि ग्लुकोमीटरवर ते एका मिनिटात कळतं. डोक्याला मार लागला होता का? पण कारण शोधत बसायचं नाही. उत्तर मिळो न मिळो, पुढची पायरी तीच राहते.

सावध: रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीच्या दिवसांत वेगळं चित्र दिसतं. थंडाईत न सांगता भांग घातली तर ती अर्ध्या तासापासून दोन तासांनी चढते, त्यामुळे "काही होत नाही" म्हणून दुसरा ग्लास दिला जातो. छाती धडधडते, वेळ लांबल्यासारखी वाटते, माणूस घाबरतो. भांगेऐवजी धोतरा गेला असेल तर मात्र तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस असंबद्ध बोलतो, हवेत हात मारतो. अशा माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं.

## पायरी २: आधी श्वास, बाकी सगळं नंतर

भाचीच्या मैत्रिणींनी तिला आतल्या खोलीत नेऊन उताणी झोपवलं आणि दार लोटून घेतलं. "झोपू दे, सकाळी बरी होईल." त्या रात्रीतली सर्वात धोक्याची गोष्ट हीच होती. उताण्या माणसाला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाते. दारू आणि झोपेची गोळी मिळून श्वासही मंद करतात, आणि बाहेरून तो माणूस फक्त गाढ झोपलेला दिसतो.

खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारा. डोळे उघडून ती नीट उत्तर देत नसेल तर छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० श्वास असतात. आठपेक्षा कमी असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, घशातून गुरगुरल्यासारखा आवाज येत असेल किंवा हाकेला अजिबात ओ देत नसेल, तर १०८ ला फोन करा. श्वास थांबलाच तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब द्यायला लागा आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

श्वास चालू असेल आणि ती शुद्धीवर नसेल, तर कुशीवर वळवा. तिच्या बाजूला गुडघ्यांवर बसा. तुमच्याकडचा तिचा हात काटकोनात बाहेर ठेवा. पलीकडचा हात उचलून त्याची पालथी बाजू तिच्या तुमच्याकडच्या गालाखाली धरा. पलीकडचा गुडघा वर करून तोच धरून तिला आपल्याकडे ओढा. वळली की हनुवटी किंचित वर करा, तोंड जमिनीकडे कललेलं राहू द्या, म्हणजे उलटी बाहेर वाहून जाईल. मग दर पाच मिनिटांनी श्वास मोजत राहा.

सावध: लिंबूपाणी, कॉफी, ताक, काहीही पाजू नका. गिळता न येणाऱ्या माणसाच्या ते फुप्फुसात जातं. बोटं घालून उलटी काढू नका. थंड पाण्याने आंघोळ घालू नका, माणूस घसरतो आणि अंग आणखी गार पडतं. खोलीत एकटीला सोडू नका, आणि "मी घरी सोडतो" म्हणणाऱ्या अर्धवट ओळखीच्या माणसाबरोबर तर मुळीच पाठवू नका. ज्याने मिसळलं असतं, तोच पुष्कळदा मदतीला पुढे येतो.

## पायरी ३: घड्याळ लिहून ठेवा

एकीने रुग्णाजवळ थांबायचं आणि दुसरीने फोनमध्ये वेळा लिहायच्या. कोणतं पेय, कुणी भरलं, शेवटचा घोट कधी, पहिलं लक्षण कधी, उलटी कधी झाली. नुसतं "दहाच्या सुमारास" पुरत नाही. भाचीच्या बाबतीत नक्की वेळा मिळाल्या त्या कशा? दुसऱ्या पेगाआधी तिने बर्फासाठी यूपीआयने पैसे दिले होते, त्याची वेळ ९.४८. नाचतानाचा शेवटचा फोटो १०.२१ चा, त्यात ती नीट उभी आहे. चौदा मिनिटांत उभं राहणं बंद. डॉक्टरांना हीच नोंद सर्वात उपयोगी पडते.

ग्लास धुवू नका. उरलेलं पेय स्वच्छ छोट्या बाटलीत ओता, झाकण घट्ट लावा, वर वेळ लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ग्लाससुद्धा वेगळा ठेवा. हे काम एकाच माणसाने करायचं आणि ते कुणी केलं हे लिहून ठेवायचं. दहा हातांतून गेलेल्या ग्लासाला पुढे किंमत राहत नाही.

तपासा: नोंद करताना "कुणी केलं असेल" यावर खोलीत वाद सुरू झाला तर थांबवा. त्या गडबडीत ग्लास विसळला जातो, माणसं निघून जातात आणि रुग्णाकडे बघायचं राहतं.

## पायरी ४: सकाळची वाट न पाहता दवाखाना

वेळेची सगळी किंमत इथे आहे. जीएचबी नावाचा गुंगीचा पदार्थ रक्तातून साधारण सहा-आठ तासांत आणि लघवीतून बारा तासांत निघून जातो. झोपेच्या गोळ्या रक्तात सुमारे एक दिवस आणि लघवीत बहुधा दोन-तीन दिवस, काही त्याहून जास्त सापडू शकतात. दारू तर सकाळपर्यंत संपलेलीच असते. म्हणून पहिली लघवी सर्वात मोलाची, आणि नेमकी तीच सकाळी उठल्याउठल्या वाहून जाते.

जवळचं कोणतंही रुग्णालय चालतं. वैद्यकीय-कायदेशीर नोंद सरकारी ठिकाणी सरळ होते, म्हणून मी इंदूरमध्ये एम. वाय. रुग्णालयाच्या अपघात विभागाचं नाव सांगते. श्वासाचा त्रास असेल तर मात्र जे सर्वात जवळ असेल तेच. खासगी ठिकाणी "ही पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही" असं ऐकायला मिळालं तर शांतपणे सांगा, आधी उपचार करणं त्यांचं कर्तव्य आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

खिडकीवर काय बोलता यावर पुढचं पुष्कळ ठरतं. "जास्त झाली आहे" असं म्हणालात तर तिला सलाईन लावून कोपऱ्यात झोपवतील. असं म्हणा: "दोनच छोटे पेग घेतले, दुसऱ्यानंतर पाऊण तासात बेशुद्ध झाली. पेयात काही मिसळल्याचा संशय आहे. एमएलसी करा, आणि लघवी व रक्ताचे नमुने फॉरेन्सिक तपासणीसाठी ठेवा." एमएलसी म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद. त्यासाठी आधी एफआयआर असावी लागत नाही.

दोन बारीक गोष्टींवर लक्ष ठेवा. दारूच्या तपासणीचं रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसू नये, आणि ते रक्त सोडियम फ्लोराइड असलेल्या नळीत घ्यावं, म्हणजे नमुन्यातलं अल्कोहोलचं प्रमाण टिकून राहतं. नर्सला नम्रपणे आठवण करून दिलीत तर कुणी रागावत नाही. मीसुद्धा रागावले नसते.

वाटेतच लघवीला जावं लागलं तर स्वच्छ, रुंद तोंडाच्या बाटलीत धरा, वेळ लिहा, शक्य तितकं गार ठेवा आणि सोबत न्या. न्यायालयात अशा घरच्या नमुन्याला रुग्णालयातल्या नमुन्याइतकं वजन नसतं, पण काहीच नसण्यापेक्षा तो पुष्कळ बरा.

सावध: रुग्णालयातली झटपट पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे काही नव्हतं असं नाही. साध्या पट्टीवर जीएचबी दिसतच नाही, आणि क्लोनाझेपाम, लोराझेपाम पुष्कळदा निसटतात. भाचीला दुपारी अडीचला एका खासगी दवाखान्यात नेलं, पट्टी निगेटिव्ह आली आणि तिथल्या डॉक्टरांनी "हँगओव्हर आहे" म्हणून घरी पाठवलं. नमुना प्रयोगशाळेत पाठवायला मागितला पाहिजे, हे तिच्यासोबत गेलेल्यांना माहीत नव्हतं. मी रिक्षातच होते, तोवर ते झालंही होतं.

## पायरी ५: शरीराशी काही केलं असल्याची शंका असेल तर

कपडे विस्कटलेले आहेत, अंगावर ओरखडे आहेत, दुखतं आहे, किंवा मधल्या तासांचा काही पत्ताच लागत नाही, अशा वेळी आंघोळ करू नका, दात घासू नका, कपडे धुवू नका. कपडे बदललेच तर काढलेले कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो. आंघोळ झालीच असेल तरीही जा. "आता काय उपयोग" म्हणून घरी थांबू नका.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेवर सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत उपचार करायलाच हवेत. तपासणी तिच्या संमतीनेच होते, आणि एखाद्या भागाच्या तपासणीला ती नाही म्हणू शकते. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही ७२ तासांत घ्यावी. या दोन्ही तिने स्वतःहून मागाव्या लागतात, असं मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून सोबतच्या बाईने लक्षात ठेवून विचारावं.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. घरच्यांच्या इच्छेचा तिथे प्रश्न येत नाही.

## पायरी ६: पोलीस, आणि घरी सांगणं

न सांगता गुंगीचं काही देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पुढे काही घडलं असो वा नसो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली, इजा किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने असं काही दिल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रकार कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. तातडीला ११२, महिलांसाठी १८१.

तक्रारीत अंदाज लिहू नका. "अमुकने मिसळलं" असं पाहिलं नसेल तर "अमुकने ग्लास भरून दिला, त्यानंतर एवढ्या मिनिटांत हे झालं" एवढंच लिहा. बारमध्ये घडलं असेल तर सीसीटीव्ही जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या, व्यवस्थापकाकडे आणि ठाण्यात. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं आणि नंतर ते कुणालाच परत आणता येत नाही.

आपल्याकडे बहुतेक मुली थांबतात त्या घरच्यांच्या भीतीने. पार्टीला गेली हे कळेल, प्यायली हे कळेल. आई-बाबांना मी कळकळीने सांगते, पहिल्या रात्री तो विषय काढूच नका. "का गेलीस?" हा प्रश्न विचारला की ती वेळा विसरते, पेगांची संख्या कमी करून सांगते, आणि ज्या माहितीवर डॉक्टर चालणार असतात तीच खोटी होऊन बसते. भाचीने तिच्या आईला आधी "एकच घेतला" असं सांगितलं होतं.

## पायरी ७: पुढचे दोन-तीन दिवस

पहिले चोवीस तास कुणीतरी सोबत राहावं. गाडी चालवू नये, दारू किंवा झोपेची कुठलीही गोळी घेऊ नये. धुरकट दिसू लागलं, पोटात जोराची कळ आली किंवा धाप लागली तर पुन्हा रुग्णालयात न्या. भेसळीच्या दारूतल्या मिथेनॉलचा त्रास कधी कधी अर्ध्या-एका दिवसानंतरच दिसतो आणि डोळ्यांवर जातो.

हरवलेले तास तिला आठवावेत म्हणून मागे लागू नका. साठवलंच गेलं नाही ते परत येत नाही, आणि वारंवार विचारलं की माणूस ऐकलेल्या गोष्टींतून आठवण रचू लागतो. तिला स्वतःला जे आठवतं ते तिने एकदाच, कुणाशी बोलण्याआधी, लिहून काढावं.

भाचीने तसं लिहिलं. दीड पान झालं. त्यात एक ओळ अशी होती की दुसरा पेग ओट्यावर ठेवून ती बर्फ घ्यायला खाली दारापर्यंत गेली होती, सहा-सात मिनिटं. तोवर ही गोष्ट कुणी विचारलीही नव्हती. तिसऱ्या दिवशी ते पान, फोटोंच्या वेळा आणि बर्फाच्या पैशांची नोंद घेऊन आम्ही दोघी ठाण्यात गेलो. आमच्याकडे नमुना नव्हता. हवालदाराने विचारलं, "मॅडम, लघवी ठेवली होती का?" त्यावर ती माझ्याकडे बघत राहिली.